खरेदीचं बिल वहीत आहे, पोर्टलवर नाही: इनपुट क्रेडिट घेण्याआधीची जुळवणी

समजा, सांगलीत इलेक्ट्रिकल मालाचं एक दुकान आहे. वायर, स्विच, पंखे असा माल, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. नोव्हेंबर २०२५ च्या खरेदी रजिस्टरमध्ये इनपुट कराची, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची, बेरीज आली १,८६,३२० रुपये. १४ डिसेंबरला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार झालं, त्यात दिसले १,८१,२०० रुपये. फरक अवघा ५,१२० रुपयांचा. आता २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न, भरायचं आहे आणि खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेऊन तो विक्रीवरच्या करातून वळता करायचा आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक निर्णय होतो. कुणी म्हणतं, बिलं आपल्याकडे आहेत, मग वहीप्रमाणे क्रेडिट घेऊ. कुणी म्हणतं, पोर्टलवर आहे तेवढंच घेऊ, म्हणजे भानगड नको.

या दुकानाला त्या महिन्यात मिळायचं खरं क्रेडिट होतं १,६१,३०० रुपये. वहीचा आकडा चूक होता आणि २बीचाही. ५,१२० चा फरक लहान दिसत होता, कारण दोन्हीकडच्या चुका एकमेकींना झाकत होत्या. म्हणून जुळवणी बेरजेची करायची नसते, बिलाबिलाची करायची असते. हे बिलाबिलाचं काम नेमकं कसं चालतं, ते याच दुकानाच्या आकड्यांवरून पाहू.

दोन कागद, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले

खरेदी रजिस्टर आपण लिहितो. माल आला, बिल हातात पडलं, टॅलीत किंवा जे सॉफ्टवेअर असेल त्यात नोंद झाली. २बी मात्र आपण लिहीत नाही आणि सरकारही लिहीत नाही. ते आपल्या सगळ्या पुरवठादारांनी मिळून लिहिलेलं असतं. प्रत्येक पुरवठादार आपल्या विक्रीची बिलं जीएसटीआर-१ मध्ये ग्राहकाच्या जीएसटी नंबरसह भरतो. आपल्या नंबरावर पडलेली ती सगळी बिलं पोर्टल गोळा करतं आणि पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला २बी म्हणून आपल्यापुढे ठेवतं. मासिक रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची, तिमाही भरणाऱ्याची १३ ची. त्यानंतर भरलेलं बिल पुढच्या २बीत जातं.

बिल हातात असूनही क्रेडिट का मिळत नाही, हा प्रश्न अनेकांना खरोखर छळतो, आणि तो रास्त आहे. आपण पैसे दिले, कर दिला, मग दुसऱ्याने रिटर्न भरलं नाही याची झळ आपल्याला का? कायद्याचं उत्तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १६(२) मध्ये आहे. क्रेडिट घ्यायला बिल हवं आणि माल मिळालेला हवा, या अटी पहिल्यापासून होत्या. १ जानेवारी २०२२ पासून आणखी एक अट आली: पुरवठादाराने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेलं हवं आणि ते आपल्या २बीत उतरलेलं हवं. त्याआधी काही सवलत होती. ऑक्टोबर २०१९ पासून पोर्टलवर दिसणाऱ्या पात्र क्रेडिटच्या २० टक्क्यांपर्यंत जास्तीचं घेता येत असे, २०२० मध्ये ती मर्यादा १० टक्के झाली, २०२१ मध्ये ५ टक्के, आणि २०२२ उजाडताना शून्य. ‘थोडं इकडेतिकडे चालतं’ असं आजही ऐकू येतं, ते त्या सवलतीच्या काळातून आलेलं आहे. आता ते चालत नाही.

या अटी एकत्र वाचल्या की जुळवणीचा खरा हेतू कळतो. वही सांगते की बिल आलं आणि माल मिळाला. २बी सांगतं की पुरवठादाराने ते बिल दाखवलं. क्रेडिटला दोन्ही लागतात. त्यामुळे दोन्हीकडे असलेलं बिलच त्या महिन्यात घेता येतं, आणि एकाच बाजूला असलेल्या प्रत्येक बिलाचं कारण शोधावं लागतं.

आधी खोटे फरक काढून टाका

पहिल्यांदा दोन याद्या समोरासमोर ठेवल्या की न जुळणारी बिलं खूप दिसतात. त्यातली बरीचशी प्रत्यक्षात जुळत असतात, फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी असते. पुरवठादाराने बिल नंबर भरला SE/25-26/0417, आपल्या ऑपरेटरने टाकला 417. संगणकाला ही दोन वेगळी बिलं वाटतात. मग एकच बिल ‘वहीत आहे, २बीत नाही’ आणि ‘२बीत आहे, वहीत नाही’ अशा दोन्ही याद्यांत येऊन बसतं. आपल्या दुकानात ९,००० रुपये कराचं असं एक बिल होतं.

एक्सेलमध्ये काम करत असाल तर डेटा चिकटवण्याआधी बिल नंबरचा कॉलम ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर 0417 चं पुढचं शून्य उडतं, आणि 4-25 असा नंबर असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. एकदा तारीख झाली की मूळ नंबर परत आणता येत नाही, फाइल पुन्हा उतरवून घ्यावी लागते. मग दोन्ही शीटवर नंबरातले स्लॅश, डॅश आणि मोकळ्या जागा काढून त्याला पुरवठादाराचा जीएसटी नंबर जोडायचा. खाली A मध्ये जीएसटी नंबर, B मध्ये बिल नंबर, D मध्ये साफ केलेला नंबर आणि E मध्ये जोडलेली खूण आहे, असं धरलं आहे:

```
D2:  =UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"/",""),"-","")," ",""))
E2:  =A2&"|"&D2
F2:  =COUNTIF('2B'!E:E,E2)
```

F मध्ये १ आला तर बिल सापडलं, ० आला तर नाही. २ आला तर थांबा, कारण एकच बिल दोनदा आलेलं असू शकतं. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून एक नोंद केली आणि आठवड्याने कागद आल्यावर ऑपरेटरने दुसरी केली, असं नेहमी होतं. ते पकडायला हाच COUNTIF आपल्या स्वतःच्या शीटवरही एकदा चालवावा.

एवढ्यानेही SE25260417 आणि 417 जुळणार नाहीत. त्यासाठी दुसरी फेरी. उरलेल्या बिलांपुरतं नंबर सोडून द्यायचा आणि जीएसटी नंबर व करपात्र रक्कम यांवर जुळवायचं. रुपया-दोन रुपयांचा फरक पूर्णांकीकरणाचा असतो, तो सोडून द्यावा. मात्र या फेरीत सापडलेली जोडी डोळ्यांनी तारीख बघूनच मान्य करा. एखादा पुरवठादार दर आठवड्याला त्याच रकमेचा तोच माल पाठवत असेल, तर रक्कम जुळूनही बिल वेगळं निघतं. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये २बी थेट घेऊन जुळवणी होते आणि वरचं बरंच काम आपोआप होतं, पण संशयित जोड्यांवर ‘हो’ म्हणणारा माणूस आपणच असतो.

आणखी एक फरक असा आहे की तो बेरजेत कधीच दिसत नाही. गुजरातच्या एका पार्टीचं बिल होतं, जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. बिलावर परराज्यातल्या खरेदीचा आयजीएसटी ७,२०० रुपये. पण टॅलीत त्या पार्टीच्या खात्यात राज्य चुकून महाराष्ट्र निवडलेलं होतं, त्यामुळे वहीत राज्यातल्या खरेदीप्रमाणे सीजीएसटी ३,६०० आणि एसजीएसटी ३,६०० पडले. एकूण तेवढंच, पण खाती वेगळी. म्हणून तिन्ही करांचे कॉलम वेगवेगळे जुळवायचे. इथे बिलावर आयजीएसटीच होता, म्हणजे चूक आपली. खात्यातलं राज्य बदललं की पुढची बिलंही नीट पडतात.

हे सगळं झाल्यावर दोन्हीकडे तंतोतंत जुळणारं क्रेडिट निघालं १,५५,००० रुपये. उरलेल्या थोड्या बिलांत खरं काम आहे.

वहीत आहे, २बीत नाही

कोल्हापूरच्या केबल विक्रेत्याचं १,२०,००० रुपयांचं बिल, त्यावर कर २१,६००. माल आला, विकलाही गेला, बिल फाइलला आहे. २बीत मात्र नाही.

इथे फोन उचलण्याआधी एक गोष्ट बघावी. त्याच पार्टीची त्याच महिन्याची बाकीची बिलं २बीत आहेत का? एकही नसेल तर पार्टीने रिटर्न भरलेलं नाही, उशिरा भरलं आहे किंवा ती तिमाही भरणारी आहे. बाकीची आहेत आणि हेच एक नाही, तर ते बिल त्यांच्याकडून सुटलं आहे, दुसऱ्याच्या जीएसटी नंबरावर गेलं आहे, किंवा नंबर नसलेल्या ग्राहकाची विक्री म्हणून दाखवलं गेलं आहे. या दोन प्रकारांत पार्टीशी बोलायचं ते पूर्णपणे वेगळं असतं. पहिल्यात ‘रिटर्न कधी भरताय’ विचारायचं. दुसऱ्यात ‘तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये या नंबराचं बिल कोणाच्या नावावर आहे ते बघा’ असं सांगून बिलाचा फोटो पाठवायचा. नुसतं ‘तुमचं बिल दिसत नाही’ म्हटलं तर ‘आम्ही भरलंय’ हे उत्तर येतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं.

पार्टीने भरलं की नाही, हे आपणही पाहू शकतो. पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये जीएसटी नंबर टाकला की कोणतं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं त्याचा तक्ता दिसतो, आणि ती पार्टी मासिक आहे की तिमाही, तेही समजतं.

आपला केबलवाला तिमाही निघाला. वर्षाची उलाढाल ५ कोटींपर्यंत असलेल्यांना ती सोय आहे. अशा पुरवठादाराला तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफ नावाच्या सोयीतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात, पण ते ऐच्छिक आहे. त्याने नोव्हेंबरचं बिल चढवलं नाही. म्हणजे ते ऑक्टोबर ते डिसेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये १३ जानेवारीपर्यंत येईल आणि १४ जानेवारीला आपल्या डिसेंबरच्या २बीत दिसेल. यात कोणाची चूक नाही, आपल्याला फक्त वाट बघायची आहे. पण २१,६०० रुपये महिनाभर अडकतात, आणि लहान दुकानाला ते जाणवतात. अशा पार्टीला ‘आमची बिलं आयएफएफमध्ये टाका’ असं खरेदी ठरवतानाच सांगून ठेवावं. त्यांच्या सीएला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

तोवर या २१,६०० चं वहीत काय करायचं? ते क्रेडिटच्या नेहमीच्या खात्यात ठेवू नका. ‘२बीत येणे बाकी’ असं वेगळं खातं काढा आणि तिथे टाका. हे खातं म्हणजेच आपली थकीत यादी. पुढच्या महिन्याची जुळवणी करताना डिसेंबरच्या २बीसमोर फक्त डिसेंबरची बिलं ठेवली, तर हे नोव्हेंबरचं बिल तिथे अनोळखी म्हणून उभं राहील. म्हणून नवं २बी नेहमी चालू महिन्याची बिलं आणि मागची थकीत यादी या दोन्हींसमोर ठेवायचं. उलट धोकाही असतो. मागच्या महिन्यात क्रेडिट घाईने घेऊन टाकलं असेल आणि बिल या महिन्याच्या २बीत आलं, तर तेच क्रेडिट दुसऱ्यांदा घेतलं जातं. वेगळं खातं असेल तर हे होत नाही, कारण तिथून बिल एकदाच बाहेर पडतं.

२बीत आहे, वहीत नाही

या यादीकडे लोक कमी बघतात, कारण तिच्यात पैसे जास्तच दिसतात. पण नुकसान इथेच होतं. आपल्या दुकानाच्या यादीत चार नोंदी होत्या आणि चौघींचं उत्तर वेगळं होतं.

पहिली, पंख्यांच्या वितरकाचं ९०,००० रुपयांचं बिल, कर १६,२००. बिल २९ नोव्हेंबरचं, गाडी पोचली ३ डिसेंबरला. पुरवठादाराने नोव्हेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं, ते बरोबरच. आपण माल आल्यावर डिसेंबरात नोंद केली, तेही बरोबर. पण माल हातात आल्याशिवाय क्रेडिट नाही, म्हणून नोव्हेंबरच्या रिटर्नमध्ये हे घ्यायचं नाही.

दुसरी, १५,००० रुपयांचं बिल, कर २,७००, अशा पार्टीचं की जिच्याशी आपला कधी व्यवहारच झाला नाही. त्यांच्या ऑपरेटरने ग्राहकाचा जीएसटी नंबर निवडताना चूक केली. हे क्रेडिट आपलं नाही.

तिसरी, एका पुरवठादाराने मालाच्या प्रमाणावर दिलेल्या सवलतीची क्रेडिट नोट, १०,००० रुपयांची, कर १,८००. त्यांनी रिटर्नमध्ये दाखवली, पण आपल्याकडे कागद आला नाही म्हणून नोंद झाली नाही. पार्टीच्या खातेउताऱ्याशी पडताळली तर सवलत खरी निघाली. म्हणजे आपलं क्रेडिट १,८०० ने कमी होतं.

चौथी, दिवाळीनंतर कामगारांना दिलेल्या जेवणाचं हॉटेलचं बिल, २०,००० रुपये आणि ५ टक्के कर १,०००. हिशेबनिसाने तो कर बरोबर ओळखून खर्चातच टाकला होता, कारण खाण्यापिण्याच्या बिलांवरचं क्रेडिट कलम १७(५) ने सहसा बंद आहे. २बी मात्र हे बिल ‘क्रेडिट उपलब्ध’ या भागातच दाखवतं. बिल कशासाठी होतं आणि वस्तू कुठे वापरली गेली, हे २बीला कळत नाही. २बीत दिसतं म्हणजे घेता येतं, हा समज इथे महागात पडतो.

१४ ते २० तारखेच्या मधलं काम

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर `Invoice Management System`, म्हणजे आयएमएस, सुरू झालं आहे. पुरवठादाराने बिल रिटर्नमध्ये टाकलं की ते आपल्याला तिथे दिसतं आणि आपण `Accept`, `Reject` किंवा `Pending` यापैकी एक निवडू शकतो. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं मानलं जातं आणि २बीत येतं. हा नियम नीट लक्षात घ्या. परक्याचं २,७०० चं बिल आपल्या क्रेडिटमध्ये येऊन बसलं, ते आपण कुठे सही केली म्हणून नाही, तर आयएमएस उघडलंच नाही म्हणून.

तर पंख्यांचं बिल `Pending` करायचं. माल आल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या रिटर्नवेळी, ते `Accept` केलं की डिसेंबरच्या २बीत येतं. परक्याचं बिल `Reject` करायचं, आणि जमलं तर त्या पार्टीला कळवायचं, म्हणजे खऱ्या ग्राहकाला त्याचं क्रेडिट मिळेल. क्रेडिट नोट स्वीकारायची. ती नाकारली तर पुरवठादाराची कराची जबाबदारी वाढते, म्हणून खरी नोट केवळ कागद आला नाही म्हणून नाकारू नये.

१४ तारखेनंतर आयएमएसमध्ये काही बदललं, तर २बी आपोआप बदलत नाही. ते पुन्हा काढण्याचं बटण दाबावं लागतं आणि ते ३बी भरण्याआधी दाबावं लागतं. हे राहून जाणं ही नेहमीची गडबड आहे. सगळं नीट निवडलं, पण ३बीत आकडा जुनाच आला, असं दिसलं तर कारण हेच असतं.

अजून एक बिल उरलं. स्विचच्या पुरवठादाराचं बिल ५४,००० रुपयांचं, कर ९,७२०. २बीत ते ४५,००० आणि ८,१०० असं आलं. अंकांची अदलाबदल कोणी केली, ते मूळ बिल काढून बघायचं. इथे आपली नोंद बिलाप्रमाणे होती आणि चूक त्यांची. या महिन्यात ८,१०० घ्यायचे आणि १,६२० ‘येणे बाकी’ खात्यात ठेवायचे. पुरवठादाराने पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती केली की वाढीव रक्कम आपल्या २बीत येईल. समजा उलट झालं असतं, २बीत बिलापेक्षा जास्त आलं असतं, तर बिलावर आहे तेवढंच घ्यायचं. जास्तीचा कर आपण दिलेलाच नाही.

आता आकडा बनतो. जुळलेले १,५५,०००, त्यात स्विचचे ८,१००, त्यातून क्रेडिट नोटचे १,८०० वजा: १,६१,३०० रुपये. आयएमएसमध्ये पंख्यांचं आणि परक्याचं बिल बाजूला काढून २बी पुन्हा काढलं की ते १,६२,३०० दाखवतं. हा आकडा ३बीच्या तक्ता 4(A)(5) मध्ये येतो. त्यातले हॉटेलचे १,००० तक्ता 4(B)(1) मध्ये उलटवायचे, म्हणजे क्रेडिटमधून वजा करायचे, कारण हे क्रेडिट कायमचं बंद आहे. निव्वळ उरतात १,६१,३००, म्हणजे वहीतून बिलाबिलाने काढलेलाच आकडा. दोन वेगळ्या वाटांनी एकाच रकमेवर आलात, तर जुळवणी झाली असं समजा.

पंख्यांचं बिल `Pending` करायचं राहून गेलं असतं, तरी वाट होती. ते 4(A)(5) मध्ये येऊ द्यायचं, 4(B)(2) मध्ये तात्पुरतं उलटवायचं आणि माल मिळालेल्या महिन्यात पुन्हा 4(A)(5) मध्ये घेऊन 4(D)(1) मध्ये दाखवायचं. पण यात पोर्टल एक वेगळं खातं ठेवतं, आणि उलटवलेलं व परत घेतलेलं क्रेडिट त्याला जुळावं लागतं. `Pending` सोपं आहे.

वहीप्रमाणे गेलो असतो तर २५,०२० रुपये जास्त घेतले असते. मूळचं २बी डोळे मिटून घेतलं असतं तरी १९,९०० जास्त. पहिल्या प्रकारात ३बी आणि २बी यांच्यात तफावत पडते. ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की डीआरसी-०१सी ही सूचना येते आणि सात दिवसांत कर भरावा किंवा कारण सांगावं लागतं. उत्तर दिलं नाही तर पुढचं जीएसटीआर-१ अडतं. दुसऱ्या प्रकारात अशी सूचना येणारच नाही, कारण आकडे जुळतात. चूक निघते ती तपासणीत, कधी दोन-तीन वर्षांनी, आणि चुकीचं क्रेडिट वापरलेलं असेल तर वर्षाला १८ टक्के व्याजासह. मला दुसरा प्रकार जास्त धोक्याचा वाटतो.

जुळल्यानंतरही उरणाऱ्या दोन तारखा

बिल २बीत आलं म्हणजे पुरवठादाराने जीएसटीआर-१ भरलं, इतकंच सिद्ध होतं. कर तो ३बीमधून भरतो. जीएसटीआर-१ भरून ३बी न भरणारे लोक असतात. त्यांच्यासाठी नियम ३७ए आहे. २०२५-२६ च्या बिलाचं ३बी पुरवठादाराने ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत भरलं नाही, तर ते क्रेडिट आपल्याला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत उलटवावं लागतं. त्याने नंतर भरलं की परत घेता येतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये एकदा, मोठ्या रकमेच्या पार्ट्यांपुरतं तरी, `Search Taxpayer` मधला ३बीचा तक्ता बघून घ्यावा.

‘२बीत येणे बाकी’ खात्यालाही तीच ३० नोव्हेंबर २०२६ ही शेवटची तारीख आहे, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर ते भरल्याची तारीख. त्यानंतर बिल आलं तरी क्रेडिट कायमचं गेलं. पार्ट्यांकडे पाठपुरावा त्या तारखेच्या तोंडावर करून उपयोग होत नाही. तो दर महिन्याला, आणि तोही १४ तारखेनंतर न करता ११ च्या आधी करावा. पाच-सहा तारखेला प्रत्येक मोठ्या पुरवठादाराला आपल्या वहीतल्या त्यांच्या बिलांची यादी पाठवली, तर त्यांचं जीएसटीआर-१ अजून उघडं असतं आणि सुटलेलं बिल त्याच महिन्यात बसतं.

काही व्यापारी बिलाची मूळ रक्कम देतात आणि कराची रक्कम २बीत दिसेपर्यंत रोखून धरतात. आधी बोलून ठरवलं असेल तर हे योग्य आहे, आणि यामुळे पार्ट्या वेळेवर रिटर्न भरतात हे खरं आहे. पण बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण रक्कम, करासकट, दिली नाही तर न दिलेल्या प्रमाणात क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं. पैसे दिल्यावर ते परत मिळतं. त्यामुळे ज्याचा कर रोखला आहे अशा प्रत्येक बिलापुढे, ‘येणे बाकी’ खात्यातच, १८० वा दिवस लिहून ठेवावा.